कापूस थांबवावा की विकावा? भावातील हंगाम, कल आणि अपघात यांची फोड

वर्धा, प्रतिनिधी

कापूस दिवाळीच्या आसपास विकू नये, उन्हाळ्यापर्यंत थांबावे, भाव चढतो, हा वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा जुना समज आहे. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, सेलू येथील बाजारात आवक वाढली की भाव दबतो आणि आवक सरत आली की सावरतो, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले असल्याने तो समज निराधार म्हणता येत नाही. मात्र २०२१-२२ आणि २०२२-२३ या लागोपाठच्या दोन हंगामांनी त्याची कठोर परीक्षा घेतली. पहिल्या हंगामात थांबलेल्यांना छप्पर फाडून मिळाले. दुसऱ्या हंगामात थांबलेल्यांच्या घरात कापूस पडून राहिला आणि भाव मात्र उतरत गेला.

२०२२ च्या सुरुवातीला विदर्भात कापसाने क्विंटलला दहा हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. मे महिन्यात रुईची ३५६ किलोची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली. साहजिकच पुढच्या हंगामात अनेकांनी दहा हजारांची वाट पाहिली. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नऊ हजारांच्या आसपास असलेला भाव त्यांनी नाकारला आणि २०२३ च्या उन्हाळ्यात सात हजारांच्या आसपास विक्री केली. केंद्र सरकारचा त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्यासाठी ६३८० रुपये होता. भाव त्याच्या वर असल्याने सरकारी खरेदीचा आधारही व्यवहारात उरला नव्हता.

आता प्रश्न असा की, उन्हाळ्यात भाव चढतो हा समज खोटा ठरला काय? की समज खराच होता आणि दुसऱ्याच एका शक्तीने त्यावर मात केली? या दोन उत्तरांत फार अंतर आहे, कारण पहिले उत्तर खरे असेल तर थांबण्याचा विचारच सोडावा लागेल. दुसरे खरे असेल तर कधी थांबावे आणि कधी नाही, एवढेच शिकावे लागेल. ते ठरविण्यासाठी भावाची फोड करावी लागते. संख्याशास्त्रात त्याची एक जुनी, कागद-पेन्सिलीने करता येणारी पद्धत आहे. तिला कालश्रेणीचे अभिजात विघटन म्हणतात.

एका भावात तीन भाव

या पद्धतीची मूळ कल्पना साधी आहे. कोणत्याही महिन्याचा भाव तीन गोष्टींचा मिळून बनलेला असतो. पहिली गोष्ट म्हणजे कल: वर्ष-दोन वर्षांच्या ओघात भावाची पातळी चढते आहे की उतरते आहे. दुसरी हंगाम: दरवर्षी त्याच महिन्यात, जवळजवळ तेवढाच होणारा चढ किंवा उतार. तिसरी अनियमित घटक: कल आणि हंगाम बाजूला काढल्यावर जे उरते ते. अवकाळी पाऊस, परदेशातील तेजी, आयात शुल्कातील अचानक बदल ही सारी त्यात येतात.

ही तीन अंगे एकमेकांत मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. बेरजेच्या पद्धतीत हंगाम म्हणजे 'उन्हाळ्यात इतके रुपये जास्त' असा मानतात. गुणाकाराच्या पद्धतीत तो 'इतके टक्के जास्त' असा मानतात. कापसाला दुसरी पद्धत लागू पडते. भाव पाच हजार असताना उन्हाळ्यात साडेतीनशेची वाढ होत असेल, तर भाव नऊ हजार असताना ती साडेतीनशेच राहत नाही. व्याज, घट आणि व्यापाऱ्याचा धोका भावाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सहाशेच्या पुढे जाते. म्हणून आपले सूत्र असे:

भाव = कल × हंगाम × अनियमित

तिन्ही अज्ञात आणि माहीत फक्त गुणाकार, अशी ही स्थिती आहे. त्यातून वाट काढण्याची युक्ती म्हणजे आधी कल शोधणे, मग त्याने भावाला भागणे आणि उरलेल्या आकड्यांतून हंगाम वेगळा करणे.

बारा महिन्यांची सरासरी, पण मध्यभागी

कल शोधण्यासाठी बारा महिन्यांची चल सरासरी घेतात. बाराच का? कारण सलग बारा महिने घेतले की त्यांत प्रत्येक महिना एकदाच येतो. नोव्हेंबरचा उतार आणि एप्रिलचा चढ एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरासरीत हंगाम शिल्लक राहत नाही. दहा किंवा पंधरा महिने घेतले, तर काही महिन्यांना जास्त वजन मिळून हंगामाचा अंश कलात मिसळतो.

येथे एक अडचण येते. बारा ही सम संख्या आहे, तिला मधला महिना नसतो. ऑक्टोबर ते सप्टेंबर या कापूस वर्षाचा मध्यबिंदू मार्च संपून एप्रिल सुरू होतो त्या रेषेवर पडतो. ती सरासरी मार्चची मानावी की एप्रिलची? उपाय असा की, एक महिना पुढे सरकून नोव्हेंबर ते ऑक्टोबर अशी दुसरी सरासरी काढायची. तिचा मध्य एप्रिल आणि मे यांच्या सीमेवर येतो. या दोहोंची पुन्हा सरासरी घेतली की ती नेमकी एप्रिलवर बसते. तिला केंद्रित चल सरासरी म्हणतात. प्रत्यक्षात तिच्यात तेरा महिने येतात. दोन्ही टोकांच्या ऑक्टोबरांना अर्धे वजन आणि मधल्या अकरा महिन्यांना पूर्ण.

प्रत्यक्ष उदाहरण पाहू. पुढील सर्व आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आणि पूर्णांकात ठेवलेले आहेत. ते कोणत्याही बाजार समितीच्या नोंदवहीतील नाहीत, मात्र त्यांची चाल वर सांगितलेल्या हंगामांसारखी ठेवली आहे. बाजार समितीचे रोजचे सर्वसाधारण दर घेऊन, त्यांची महिन्याची सरासरी काढून, हाच हिशेब कोणालाही करता येईल. पाच हंगाम घेतले आहेत. तिसरा तेजीचा आहे, चौथा त्यानंतरचा, आणि बाकीचे तीन सर्वसाधारण.

पहिल्या हंगामातील क्विंटलचे भाव, रुपयांत:

ऑक्टोबर ६८००, नोव्हेंबर ६७००, डिसेंबर ६७५०, जानेवारी ६९००, फेब्रुवारी ७०००, मार्च ७१५०, एप्रिल ७३००, मे ७४००, जून ७३५०, जुलै ७३००, ऑगस्ट ७२५०, सप्टेंबर ७२००. पुढचा ऑक्टोबर ७०००.

पहिल्या बारा महिन्यांची बेरीज ८५,१०० होते. पहिला ऑक्टोबर काढून पुढचा ऑक्टोबर घातला की ती ८५,३०० होते. दोन्ही मिळून १,७०,४००. त्याला २४ ने भागले की ७१०० येतात. एप्रिल महिन्याच्या कलाची पातळी ही. प्रत्यक्ष भाव ७३०० होता. ७३०० ला ७१०० ने भागून शंभराने गुणले की १०२.८ मिळतात. म्हणजे त्या एप्रिलमध्ये भाव कलाच्या पातळीपेक्षा २.८ टक्के वर होता.

या १०२.८ मध्ये हंगाम आणि त्या वर्षाचा अपघात दोन्ही मिसळलेले आहेत. एका वर्षावरून ते वेगळे करता येत नाहीत. अनेक वर्षांचे एप्रिल शेजारी शेजारी ठेवले तरच जे दरवर्षी येते ते हंगाम आणि जे एखाद्याच वर्षी येते ते अनियमित, असे ओळखता येते.

तेजीचे एक वर्ष काय करते

हाच हिशेब पाचही हंगामांच्या एप्रिलसाठी केला असता गुणोत्तरे अशी आली: १०२.८, १०३.४, ११८.१, १०१.४ आणि १०२.४. तिसरा आकडा तेजीच्या हंगामाचा आहे. त्या एप्रिलचा भाव ११,६०० आणि कल सुमारे ९,८२१ होता. नोव्हेंबरची गुणोत्तरे चारच मिळतात: ९५.८, ९४.०, ९९.२ आणि ९६.४. पहिल्या हंगामाचा नोव्हेंबर गळाला, कारण केंद्रित सरासरीला मागचे सहा महिने लागतात आणि ते आपल्याकडे नाहीत. दोन्ही टोकांचे सहा-सहा महिने असे हातचे जातात. हा या पद्धतीचा मोठा दोष असून त्याकडे पुढे वळू.

आता एप्रिलचा हंगामी निर्देशांक किती मानायचा? सरळ सरासरी घेतली तर १०५.६ येतो. पाच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला, म्हणजे मध्यक काढला, तर १०२.८ येतो. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा वगळून उरलेल्या तिघांची सरासरी घेतली तरी १०२.९ च येतो. नोव्हेंबरची सरळ सरासरी ९६.४ आणि मध्यक ९६.१ आहे, तेथे दोन्ही वाटा जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात.

फरक फक्त एप्रिलचा आहे आणि तो एका वर्षामुळे आहे. सरळ सरासरीवर विसंबणाऱ्याला वाटेल की नोव्हेंबर ते एप्रिल भाव साडेनऊ टक्क्यांनी चढतो. मध्यक सांगतो की सात टक्क्यांनी. तेजीचा अपघात सरासरीत शिरून हंगामाचा वेष घेऊन बसला आहे.

तो कसा ओळखावा? १०५.६ हा खरा हंगामी निर्देशांक असता, तर काही एप्रिल त्याच्या वर आणि काही खाली दिसायला हवे होते. येथे पाचपैकी चार एप्रिल त्याच्या खाली आहेत, आणि तेही जवळजवळ सारख्याच अंतराने. उरलेला एक मात्र बारा टक्क्यांनी वर आहे. असे चित्र दिसले की निर्देशांक एका वर्षाने ओढला गेला आहे, हे निश्चित समजावे. म्हणूनच जाणते संख्याशास्त्रज्ञ येथे मध्यक किंवा टोके छाटलेली सरासरी वापरतात.

एक पायरी राहिली. बारा महिन्यांच्या निर्देशांकांची बेरीज १२०० यायला हवी, कारण वर्षभरात हंगामाचा निव्वळ परिणाम शून्य असतो. मध्यक घेतल्याने ती नेमकी येत नाही. आपल्या उदाहरणात ती १२०३.६ आली असे समजू. मग प्रत्येक निर्देशांकाला १२०० भागिले १२०३.६, म्हणजे ०.९९७ ने गुणायचे. एप्रिल १०२.५ आणि नोव्हेंबर ९५.८ होतो. दोघांचे एकमेकांशी प्रमाण बदलत नाही; सात टक्के तसेच राहतात.

सात टक्के पुरतात काय?

कल स्थिर आहे, असे गृहीत धरू. नोव्हेंबरमध्ये भाव ७००० असेल तर हंगामाच्या हिशेबाने एप्रिलमध्ये तो ७४९० होईल. वाढ ४९० रुपयांची. ही वाढ फुकट मिळत नाही.

कापूस घरात वाळतो. ११ टक्के ओलाव्याचा कापूस ८ टक्क्यांवर आला की क्विंटलमागे तीन किलोहून थोडे अधिक वजन घटते. तीनच किलो धरले तरी एप्रिलच्या भावाने २२५ रुपये गेले. नोव्हेंबरमध्ये विकला असता तर हाती आलेल्या सात हजारांतून देणे फिटले असते. दरमहा शेकडा एक रुपया व्याज धरले तर पाच महिन्यांचे ३५० रुपये होतात. एकूण खर्च ५७५ रुपये. म्हणजे ४९० मिळविण्यासाठी ५७५ खर्च झाले. क्विंटलमागे ८५ रुपयांचा तोटा.

हाच हिशेब सरळ सरासरीच्या साडेनऊ टक्क्यांनी करून पाहा. एप्रिलचा भाव ७६६८ दिसतो, वाढ ६६८ रुपये. घट २३० आणि व्याज ३५० वजा जाता ८८ रुपये नफा उरतो. निर्देशांक काढताना केलेली एक निवड तोट्याला नफ्याचे रूप देते. ज्याच्यावर कर्ज नाही किंवा ज्याला पीककर्जाचा स्वस्त दर मिळतो, त्याला सात टक्क्यांतही थांबणे परवडू शकते. सावकाराचे दरमहा दोन-तीन रुपये भरणाऱ्याला ते साडेनऊ टक्क्यांतही परवडत नाही. घरात कापूस ठेवण्याची जागा, उंदीर आणि आगीचा धोका या हिशेबात धरलेले नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

चौथ्या हंगामाचा उलगडा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उदाहरणातील चौथा हंगाम २०२२-२३ सारखा आहे. नोव्हेंबरचा भाव ९००० आणि एप्रिलचा ७९००. थांबलेल्याचे क्विंटलमागे ११०० रुपये गेले. दोन्ही महिन्यांची फोड करून पाहू.

नोव्हेंबरचा कल ९०७५ होता. त्याला हंगामाच्या ०.९५८ ने गुणले की ८६९४ होतात. प्रत्यक्ष भाव ९००० होता. म्हणजे अनियमित घटक १.०३५. बाजार त्या महिन्यात अपेक्षेपेक्षा साडेतीन टक्के वर होता.

एप्रिलचा कल ७७८८ पर्यंत उतरला होता. त्याला १.०२५ ने गुणले की ७९८३ होतात. प्रत्यक्ष भाव ७९००. अनियमित घटक ०.९९, म्हणजे एक टक्का खाली.

आता तिन्हींचा वाटा वेगळा दिसतो. हंगामाने नेहमीप्रमाणे सात टक्के वर ढकलले. कलाने चौदा टक्के खाली ओढले. अनियमित घटक साडेतीन टक्के वरून एक टक्का खाली आल्याने आणखी चार टक्के गेले. तिघांचा मिळून परिणाम बारा टक्के घट. म्हणजे उन्हाळ्यात भाव चढतो हा समज त्या वर्षीही खोटा नव्हता. हंगामाने आपले काम केले होते. पण ज्या पातळीवर तो काम करीत होता, ती पातळीच खचत होती. तिसऱ्या हंगामात याच्या उलट झाले होते. त्या वर्षी थांबलेल्यांना जे मिळाले ते बव्हंशी चढत्या कलाचे आणि अपघाताचे होते; हंगामाचा वाटा त्यात थोडाच होता. शेतकऱ्याने मात्र ते सारे हंगामाच्या खात्यावर जमा केले आणि पुढच्या वर्षी त्याचीच पुनरावृत्ती अपेक्षिली.

खचण्याची कारणे जिल्ह्याबाहेरची होती. आंतरराष्ट्रीय बाजारात तेजी ओसरली, सुताची मागणी थंडावली. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क केंद्र सरकारने १४ एप्रिल २०२२ पासून उठविले आणि ही सवलत पुढे ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत वाढविली. अशीच सवलत १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात पुन्हा दिली गेली. असे निर्णय कोणत्याही ठराविक महिन्यात येत नाहीत, म्हणून ते हंगामी निर्देशांकात कधीच दिसणार नाहीत.

आधी कळले असते काय?

येथे या पद्धतीची मर्यादा उघडी पडते. नोव्हेंबरचा कल ९०७५ होता, हे आपण आता म्हणतो. पण केंद्रित सरासरीला पुढचे सहा महिने लागत असल्याने तो आकडा मे महिना संपेपर्यंत काढताच येत नव्हता. निर्णय घ्यायचा तेव्हा कल हाती नसतो आणि कल हाती येतो तेव्हा कापूस विकून झालेला असतो. अभिजात विघटन हे झालेल्याचे शवविच्छेदन आहे, भविष्यकथन नव्हे.

तरीही हाती काहीच उरत नाही असे नाही. मागील वर्षांचे हंगामी निर्देशांक आधीच तयार असतात. त्यांनी चालू महिन्याच्या भावाला भागले की हंगाम वगळलेला भाव मिळतो आणि तो त्याच महिन्यात मिळतो. चौथ्या हंगामात नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीचे भाव ९०००, ८६०० आणि ८३०० होते. डिसेंबरचा निर्देशांक ९६.५ आणि जानेवारीचा ९८.० धरला, तर हंगाम वगळलेले भाव अनुक्रमे ९३९५, ८९१२ आणि ८४६९ येतात.

फरक पाहण्यासारखा आहे. नुसता भाव पाहणाऱ्याला दोन महिन्यांत सातशेची घसरण दिसते आणि 'आवकेचा जोर आहे, पुढे सावरेल' असे वाटते. हंगाम वगळलेला भाव नऊशेहून अधिक उतरलेला आहे. नोव्हेंबरनंतर हंगामाच्या नियमाने भाव चढायला हवा असताना तो उतरतो, याचा अर्थ हंगामापेक्षा मोठी शक्ती उलट दिशेने ओढते आहे. लागोपाठ दोन-तीन महिने असे झाले तर अपघाताची शक्यता कमी होते आणि कल फिरल्याची वाढते. ही खात्री नव्हे, केवळ इशारा. पण तो मे महिन्यात नव्हे, जानेवारीअखेर मिळतो.

निर्देशांक कुठे फसवतो

हंगामी निर्देशांक वर्षानुवर्षे तोच राहतो, हे या पद्धतीचे सर्वांत नाजूक गृहीतक आहे. कापसात ते अनेकदा मोडते. बाजारभाव हमीभावाखाली गेला की भारतीय कापूस महामंडळाची, म्हणजे सीसीआयची खरेदी सुरू होते आणि भावाला खालून टेकू मिळतो. अशा वर्षी आवकेच्या दिवसांतील उतार पुरेसा खोल जात नाही आणि पुढचा चढही उथळ राहतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये ठरला होता. टेकू जसजसा वर सरकतो, तसतसा जुन्या मुक्त बाजाराच्या वर्षांवरून काढलेला सात टक्क्यांचा निर्देशांक फुगीर ठरण्याचा धोका वाढतो. तो ओळखण्याची खूण अशी की, अलीकडच्या तीन-चार वर्षांतील एप्रिलचे अनियमित घटक सातत्याने एकाच्या खाली आणि नोव्हेंबरचे सातत्याने एकाच्या वर दिसू लागतात. अनियमित घटकात अशी शिस्त दिसली की तो अनियमित राहिला नाही. हंगामच बदलला आहे.

दुसरी अडचण पंचांगाची. दिवाळीपूर्वी हातात पैसा हवा म्हणून पहिल्या वेच्याचा कापूस बाजारात येतो. दिवाळी २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ती १२ नोव्हेंबरला गेली. दिवाळीआधीच्या विक्रीचा दबाव एका वर्षी ऑक्टोबरमध्ये आणि दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पडतो. इंग्रजी महिन्यांवर बांधलेला निर्देशांक हे सरकणे पकडू शकत नाही. तो दोन्ही महिन्यांचा उतार अर्धवट दाखवितो.

तिसरी अडचण मालाची. नोव्हेंबरचा कापूस ओला असतो. सीसीआय ८ टक्के ओलावा प्रमाण मानते आणि १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते. व्यापारीही तोच हिशेब लावतो. म्हणजे नोव्हेंबरच्या कमी भावातील काही भाग हा पाण्याचा भाव आहे. आपण वजनातील घट वेगळी मोजली, पण निर्देशांकातही ती एकदा आलेली आहे. कापूस नीट वाळवून विकणाऱ्याला नोव्हेंबरमध्येही त्या महिन्याच्या सर्वसाधारण दरापेक्षा अधिक मिळतो, आणि त्याच्यासाठी थांबण्याचा फायदा सात टक्क्यांहून कमी असतो. उलट टोकाला, जुलै ते सप्टेंबरमध्ये बाजारात मोजक्याच गाड्या येतात. त्या महिन्यांचा भाव थोड्याशा सौद्यांवर ठरत असल्याने तेथील निर्देशांकावर फार भार देऊ नये. खेडा खरेदीत घरूनच उचललेला कापूस तर बाजार समितीच्या नोंदीत येतच नाही.

या साऱ्या अटी मान्य करूनही मूळ प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. हंगाम शेतकऱ्याला जे देतो ते एका आकड्यात मोजता येते आणि तो आकडा सामान्य वर्षी व्याज व घट भागविण्याच्या जेमतेम आसपास फिरतो. त्याहून मोठा लाभ ज्याला हवा आहे, तो हंगामावर नव्हे तर कलावर पैज लावीत असतो. ती पैज लावायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या कर्जावर अवलंबून आहे. थोडा कापूस नोव्हेंबरमध्ये विकून देणे फेडणे आणि उरलेला जानेवारीअखेरपर्यंत हंगाम वगळलेल्या भावाकडे पाहत ठेवणे, एवढा मध्यम मार्ग या हिशेबातून निघतो. त्यासाठी बाजार समित्यांनी मागील दहा वर्षांचे मासिक सर्वसाधारण दर आणि त्यावरून काढलेले हंगामी निर्देशांक हंगामाच्या तोंडावर फलकावर लावले, तर वायद्यांच्या अफवांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल. नोंदी त्यांच्याकडे आहेत. लागणारे गणित वर दिले आहे तेवढेच.